मदत हवी आहे : ५० वॅटच्या एलईडी चिपला आहे त्याच हीटसिंकवर कोणता ड्रायव्हर जोडावा?

रावेरचा केळीवाला : केळीच्या फण्या धुऊन खोक्यांत भरण्याच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी ५० वॅटची चिप, १५०० मिलिअँपिअरचा स्थिर करंट ड्रायव्हर आणि बिनपंख्याचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक असा दिवा जोडला होता. मार्चपर्यंत तो नीट चालला. मे महिन्यात मात्र लुकलुकू लागला आणि वेल्डिंगच्या काळ्या काचेतून पाहिले, तेव्हा पाच ओळींपैकी एक ओळ पूर्ण विझलेली दिसली. आता नवी चिप बसवली आहे. सकाळी शेडमध्ये ३० अंश असताना ती पाऊण तास चालवली, तेव्हा चिपच्या कडेला तापमान ८८ अंश आणि व्होल्टेज ३२ भरले. ड्रायव्हर बदलावा का?

वायरमन भुसावळ : भाऊ, चिप ५० वॅटची आणि ड्रायव्हरही ५० वॅटचा आहे, म्हणजे जोडी बरोबर आहे. पेस्ट कमी पडली असेल, ती जाड थराने लावा.

जुना फिटर : पेस्टचा संशय रास्त आहे, पण जाड थर उष्णता अडवतो, पेस्ट फक्त बारीक फटी भरण्यापुरती हवी. खरे उत्तर तुमच्याच मोजमापात आहे. ३२ व्होल्ट आणि दीड अँपिअर म्हणजे ४८ वॅट, आणि वाढ ५८ अंशांची, म्हणजे या हीटसिंकवर दर वॅटमागे सुमारे १.२ अंश. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली ४७ अंश धरले, तर चिपची कड १०५ अंशांवर जाते. मी ८५ च्या वर जाऊ देत नाही. ९०० मिलिअँपिअरला साधारण ३१ व्होल्ट, म्हणजे २८ वॅट होतील; वाढ ३४ अंश आणि दुपारी ८१. ड्रायव्हरच्या आउटपुट व्होल्टेजच्या पट्ट्यात मात्र ३१ व्होल्ट मधोमध यावेत, कारण थंडीत चिप थोडे जास्त व्होल्टेज मागते.

ओळ विझल्यावर दिवा वापरत राहू नका. ड्रायव्हर १५०० च देत राहतो, त्यामुळे प्रत्येक ओळीतून ३०० ऐवजी ३७५ मिलिअँपिअर जातात आणि उरलेल्या ओळीही एकेक करून जातात.

अमळनेरकर : माझ्या गोठ्यात एकाच ड्रायव्हरवर दोन चिपा समांतर जोडल्या आहेत आणि वर्षभर काही झालेले नाही. तसेच करावे.

जुना फिटर : दोन चिपा करंट सारखा वाटून घेतीलच असे नाही, जी जास्त तापते तिचे व्होल्टेज उतरते आणि ती आणखी करंट ओढते. दोन्हींचा करंट वेगवेगळा मोजून पाहा. शिवाय इथे प्रश्न एकाच चिपेचा आहे.

रावेरचा केळीवाला : ९०० चा ड्रायव्हर लावला. आज ३१ अंशांत पाऊण तासाने चिपच्या कडेला ६६ अंश आणि ३१.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे आपला हिशेब जुळला. सालीवरचे बारीक डाग ओळखण्याइतका उजेड टेबलावर पडतो का, याबद्दल मात्र बायकांमध्ये दुमत आहे. दिवा खाली घ्यावा की दुसरा वेगळा जोडावा, हे ठरलेले नाही. ड्रायव्हरही पत्र्याला टेकून आहे. तो खाली भिंतीवर आणायचा, तर वायर चार मीटर लांब होईल. ते चालेल का?