मॅट्रिक्स इन्व्हर्स नुसत्या गुणाकारानं काढतोय, आकडे फुटतायत, मदत हवी आहे (अर्जंट)

गुणिले_भागिले
नमस्कार मंडळी, डोकं आउट झालंय म्हणून धागा काढतोय. इन्व्हर्स काढायचाय पण भागाकार वापरायचा नाही, X = X(2I - AX) हे परत परत फिरवायचं, नेटवर सगळीकडं लिहिलंय की दर राउंडला बरोबर आकडे दुप्पट होतात. माझ्याकडं चूक दुप्पट होतीय, दुप्पट कसली, डबल-टिबल! कोड चारदा तपासला. I - AX चा पहिला आकडा प्रिंट केला तर 11, मग 171, मग 43691, मग 286 कोटींच्या आसपास, आणि मग नुसतं ovf ovf. double वापरलाय तरी. उद्या सकाळी साहेबाला दाखवायचंय, कुणीतरी बघा लवकर.

लेथवाला
भावा A काय आहे? किती बाय किती? कशावर चालवतोयस? सगळं पोटात ठेवून विचारतोस आणि वर अर्जंट.

गुणिले_भागिले
सॉरी. खरा 6×6 आहे पण चाचणीला 2×2 घेतलाय, पहिली ओळ 4 1, दुसरी 2 3. अर्डुइनो उनो.

उद्यमनगरी
2×2 ला कशाला एवढा कुटाणा? कर्णावरच्यांची अदलाबदल, बाकीच्या दोघांची चिन्हं बदल, डिटर्मिनंटनं भाग. डिटर्मिनंट 10. उत्तर 0.3, -0.1, -0.2, 0.4. झालं की.

गुणिले_भागिले
अहो तेच उत्तर यायला पाहिजे हे मलाही माहितीय. पुढं हे एफपीजीएवर जाणार, तिथं गुणाकाराचे ब्लॉक तयार असतात, भागाकाराचं सर्किट मोठं आणि हळू, म्हणून साहेब म्हणाले नुसत्या गुणाकारात बसव.

निवृत्त_मास्तर
X ची सुरुवात कशापासून केलीत ते अजून सांगितलं नाहीत. सगळी मेख तिथंच आहे.

गुणिले_भागिले
I पासून. सगळे तसंच करतात ना? कुठूनही सुरू केलं तरी न्यूटन पोचतोच असं वाटलं.

निवृत्त_मास्तर
नाही पोचत. कागद घ्या. R = I - AX म्हणजे या घडीची चूक. नवा X घातलात की नवी चूक I - AX(2I - AX) होते, आणि ते सोडवलं की बरोब्बर R चा वर्ग निघतो. जवळपास वगैरे नाही, तंतोतंत वर्ग. म्हणून तर 0.01 ची 0.0001 होते आणि आकडे दुप्पट होतात. पण वर्ग दोन्हीकडं धावतो, एकाच्या आत असलेला आकडा मरतो आणि एकाच्या बाहेरचा फुगतो. तुमच्या A च्या आयगनव्हॅल्यू 5 आणि 2. I पासून निघालात तर R च्या झाल्या 1-5 म्हणजे -4, आणि -1. आता -4 चा वर्ग 16, त्याचा 256, त्याचा 65536. तुमचे 11, 171, 43691 हे त्याच मालिकेतून येतात: 16 ची दुप्पट अधिक 1, भागिले 3 करा, 11 येतात. 256 घेतलेत तर 171. तुमचा कोड एकदम बरोबर आहे, म्हणूनच इतक्या शिस्तीत फुटतोय. अट एकच, I - AX च्या सगळ्या आयगनव्हॅल्यू आकारानं 1 च्या आत हव्यात. हे गणित शुल्झनं 1933 साली छापलंय.

लेथवाला
आणि उनोवर double म्हणजे float च असतो हां, दोन्ही 4 बाइट. ovf म्हणजे पण इन्फिनिटी नव्हे, 4294967040 च्या वर गेलं की अर्डुइनोचा print हात वर करतो एवढंच. आत आकडा अजून जिवंत असतो, दोनेक राउंडनी खरा inf होतो.

अर्धवट_इंजिनिअर
एवढं काय नाय, मॅट्रिक्स डायगोनली डॉमिनंट पाहिजे, न्यूमेरिकल मेथड्सला शिकवलंय आम्हाला. नसेल तर ओळी अदलाबदल करून घ्यायच्या.

लेथवाला
बघ की आधी. पहिल्या ओळीत 4 मोठा की 1? दुसरीत 3 मोठा की 2? डॉमिनंटच आहे, तरी फुटलं. तू जॅकोबीचं सांगतोयस, इथं काय संबंध.

निवृत्त_मास्तर
अगदीच संबंध नाही असं म्हणू नका. सुरुवात I ऐवजी कर्णावरच्या आकड्यांच्या व्यस्तांनी केली, म्हणजे 1/4 आणि 1/3, तर डॉमिनंट असल्याचा फायदा मिळतो. R च्या आयगनव्हॅल्यू अधिक-उणे 0.41 येतात, चार राउंडात काम तमाम. पण ती सोय डॉमिनंट असेल तरच.

अर्धवट_इंजिनिअर
मग मी काय वेगळं म्हणत होतो 😏

उद्यमनगरी
सोपं सांगू? सुरुवात लहान घ्या, 0.1 गुणिले I. मी बॉयलरच्या कंट्रोलरला हेच केलंवतं, कधी फुटलं नाही.

गुणिले_भागिले
केलं!! चाललं!! चूक 0.8, 0.64, 0.41, 0.17, 0.028, 0.0008 आणि मग गायब. आभारी आहे उद्यमनगरी. धागा बंद करायला हरकत नाही.

निवृत्त_मास्तर
थांबा. 0.1 चाललं कारण तुमच्या दोन्ही आयगनव्हॅल्यू धन आहेत. एक जरी ऋण असली तर 0.1 सोडा, 0.0001 घेतलंत तरी बुडणार. हा मॅट्रिक्स येतो कुठून?

गुणिले_भागिले
लोडसेलचा. स्टँडवर दोन बाजूंनी बल लावतो, एका सेलवरचा भार दुसऱ्यातही थोडा दिसतो, ते वेगळं करायला इन्व्हर्स. रोज सकाळी वजनं ठेवून A नव्यानं मोजतो कारण शेडमध्ये तापमान बदलतं.

ऊसवाला
म्हणजे वजनकाट्याचं गणित होय! मग हे सांगा, आमचा ट्रॉली भरून ऊस गेला, बाहेर खाजगी काट्यावर एक वजन आणि कारखान्याच्या काट्यावर दुसरं, हे मॅट्रिक्सनं काढता येतंय का?

लेथवाला
दादा ते मॅट्रिक्सनं नाही, वैधमापनवाल्यांना अर्ज करून निघतंय.

गुणिले_भागिले
परत आलो. रात्री साडेदहा, शेडमध्येच आहे. खऱ्या स्टँडवर जोडलं, 0.1 नं सुरू केलं, पहिले तीन-चार राउंड वाटलं जरा रेंगाळतंय, मग एकदम गेलं वर. A आता पहिली ओळ 4 1 आणि दुसरी -2 -3 दाखवतंय. आकडे तेच, चिन्हं उलटी, भूत लागल्यासारखं.

लेथवाला
भूत नाही, दुसऱ्या सेलची हिरवी आणि पांढरी वायर उलटी लागलीय. सिग्नलच्या दोन वायरी त्याच असतात सहसा, उलट्या लावल्या की रीडिंग उणे.

निवृत्त_मास्तर
वायर बदलायच्या आधी हे बघा, फार छान उदाहरण हाती लागलंय. उलट्या वायरीनं आयगनव्हॅल्यू झाल्या 3.70 आणि -2.70. 0.1 घेतल्यावर दुसरीची चूक 1 + 0.27 म्हणजे 1.27. तिचे वर्ग 1.61, 2.60, 6.77, 45.9, 2100. सुरुवातीला बिचारा शांत दिसतो आणि मग उसळतो. चूक घटत नसून किंचित वाढतेय असं दिसलं की तिथंच थांबवावं, पुढं आशा नाही.
आता चिन्हांची फिकीर न करणारी सुरुवात घ्या. A चा ट्रान्सपोज घ्या आणि एका आकड्यानं लहान करा. तो आकडा कसा? प्रत्येक ओळीतल्या आकड्यांची चिन्हं टाकून बेरीज, सगळ्यात मोठी 5. तसंच उभ्या रांगांचं, सगळ्यात मोठी 6. गुणाकार 30. सुरुवात म्हणजे ट्रान्सपोज भागिले 30. A गुणिले ट्रान्सपोजच्या आयगनव्हॅल्यू कधीच ऋण नसतात, आणि 30 च्या वर जाऊ शकत नाहीत, इथं 26.18 आणि 3.82 आहेत. म्हणून चूक 0 ते 1 च्या मधेच सुरू होते. वायर सुलटी असो की उलटी, मोठी चूक 0.873 वरूनच निघते, मग 0.762, 0.580, 0.336, 0.113, 0.0128, 0.00016, आणि मग float च्या बाहेर.

अर्धवट_इंजिनिअर
पण 30 नं भागायचं म्हणजे भागाकार आलाच की मास्तर 😀

लेथवाला
32 नं भाग. एफपीजीएवर पाच बिट उजवीकडं सरकवलं की झालं. 30 पेक्षा मोठी दोनची घात घेतली की अट मोडत नाही, फार तर एखादा राउंड जास्त. आणि X(2I - AX) पेक्षा असं लिही, चूक तशीही हातात येते, वेगळी काढायला नको:

```
R = I - A*X
X = X + X*R
```

गुणिले_भागिले
ट्रान्सपोज भागिले 32 नं दोन्ही केसेस चालल्या. वायरी पण बदलल्या, हिरवी-पांढरीच होती.

उद्यमनगरी
माझं अजून म्हणणं आहे की एलयू लावा आणि मोकळे व्हा. दर राउंडला दोन-दोन मॅट्रिक्स गुणाकार, आठ राउंड, एलयूच्या कित्येक पट काम. ट्रान्सपोज-बिन्सपोज घरात छान दिसतं.

निवृत्त_मास्तर
एकदाच काढायचं असेल तर तुमचं खरं आहे, मी वाद घालणार नाही. पण हे रोज सकाळी नव्यानं काढतायत. आजच्या A ला कालचा X च सुरुवात म्हणून द्या. रात्रीत मॅट्रिक्स थोडाच हलला असेल, चूक 0.03 वरून सुरू झाली तर 0.0009, आणि मग 0.0000008. दोन राउंड. एलयूला कालचं काहीच उपयोगी पडत नाही. फक्त आधी R च्या ओळींच्या बेरजा चिन्हं टाकून बघा, सगळ्या 1 च्या आत असतील तर बिनघोर जा, नसतील तर ट्रान्सपोजपासून.

उद्यमनगरी
हां, हे नव्हतं लक्षात आलं. तरी तापमान एकदम बदललं तर?

लेथवाला
मग बेरीज बाहेर जाईल आणि ट्रान्सपोज घेईल, सांगितलं की आत्ताच.

गुणिले_भागिले
साहेबांना दाखवलं, खूश. पण आता 6×6 घातला आणि ट्रान्सपोजची सुरुवात केली तर पहिली चूक 0.99999, दहा राउंड झाले तरी 0.99! हे तुटलंय का परत?

निवृत्त_मास्तर
तुटलेलं नाही, अजून दहा राउंड जाऊ द्या. 0.99999 चे दहा वर्ग घेतले की 0.99 च येतात, सतराव्याला 0.27, विसाव्याला 0.00003. वर्गाची धाव 1 च्या जवळ कळतच नाही. पण विसाव्यालाही float मुळे चूक एका पातळीवर अडून राहील, तिथं घटणं थांबलं की थांबा, शून्याची वाट बघू नका. आणि इतकं जवळ का सुरू झालं ते शोधा, कुठले तरी दोन सेल जवळजवळ एकच गोष्ट मोजतायत. दोन ओळी तंतोतंत एकमेकींच्या पटीत असतील तर ती चूक 1 वरच बसून राहील, ना फुगेल ना घटेल.

गुणिले_भागिले
2 नंबर आणि 5 नंबरचा सेल एकाच प्लेटवर शेजारी आहेत. त्यांच्या ओळी खरंच जवळपास सारख्या दिसतायत. प्लेट कापून 5 ला तिरकं लावावं लागेल बहुतेक, साहेबांना विचारतो.

ऊसवाला
वैधमापनचं ऑफिस कुठं आलं ते तरी सांगा कुणीतरी.