हिरवी टिक दिसली म्हणून पैसे भरायचे?

मूळ पोस्ट: "मॅस्टोडॉनवर दुकानाच्या साइटसमोर हिरवी टिक असली की डोळे झाकून ऑर्डर द्या. तिथं फसवाफसवी होतच नाही."

पेठकरी: डोळे झाकूनच फसतात लोक. प्रोफाइलमध्ये जी साइट टाकलीय तिच्या पानावर त्याच खात्याची उलट लिंक आहे का, एवढंच सर्व्हर बघतो. साइटच चोराची असली तरी टिक येणारच की!

परवा भाच्यानं असंच एक चपलांचं खातं दाखवलं. टिक होती, फोटोही झकास. साइटचं नाव आमच्या ओळखीच्या दुकानाचंच, फक्त मधे एक आडवी रेघ जादा. मी दुकानाच्या पावतीवरचा पत्ता हातानं टाइप केला, Ctrl+U दाबून सोर्स उघडला आणि त्या उलट लिंकची खूण, म्हणजे `rel="me"`, शोधलं. खातं त्यांचंच असतं तर अशी ओळ सापडायला हवी होती:

```
<a rel="me" href="https://server.example/@dukan">
```

नव्हती. रेघवाल्या साइटवर मात्र होती! दुकानात फोन लावला, तर त्यांचं मॅस्टोडॉनवर खातंच नाही.

टेक_दादा: एवढा बाऊ कशाला? साइटवरची ती ओळ काढली की टिक आपोआप जाते.

पेठकरी: कोण म्हणालं? लिंक टाकून सेव्ह करताना तपासणी होते. पुढं त्या लिंकला हात लावला नाही, तर टिक तशीच राहते. डोमेन दुसऱ्यानं घेतलं तरी. टिकवर माउस न्या, तपासल्याची तारीख दिसेल.

टेक_दादा: बरं, तारखेचं मान्य. पण गिऱ्हाईक काय सोर्स उघडत बसणार?

शाहूपुरीची_ताई: मी तर निळ्या टिकचे दरमहा पैसे भरते, तरी माझ्या नावानं दुसरं खातं निघालंच. तक्रार करून थकले.

पेठकरी: ताई, ती एक्सची विकतची टिक, तिचा साइटशी काय संबंध? आणि नावापुढं ✅ इमोजी तर कुणीही लावतं.

अस्सल_कापशी: टिक सोडा. त्या खात्यावरच्या चपला तरी कोल्हापुरी होत्या का? अथणीचा माल आणून कोल्हापुरी म्हणून खपवतात सगळे.

निपाणीकर: तोंड सांभाळून. 2019 च्या जीआय मानांकनामध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरसोबत बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही आहेत. अथणी बेळगाव जिल्ह्यातच येते.

अस्सल_कापशी: कागदावर असेल. आमच्या आजोबांनी कातडं कमावण्यात हयात घालवली, ते काय जीआय विचारून?

निपाणीकर: आमच्या आजोबांनी मग काय प्लॅस्टिक शिवलं?

शाहूपुरीची_ताई: इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरी उचलली तेव्हा दोघंही एका सुरात ओरडत होता की!

अस्सल_कापशी: तेव्हा समोर परका होता.

पेठकरी: अहो, विषय टिकचा चाललाय!

टेक_दादा: चालू द्या त्यांचं. बाकी पावतीवरचा पत्ता टाइप करायची आयडिया चांगली आहे, पण ज्याच्याकडं पावतीच नाही त्यानं काय करायचं?

निपाणीकर: अथणीला यावं. पावती आम्ही देतो.