काचेमागच्या चित्राचा फोटो

>> "आजोबांचं जलरंगातलं चित्र काचेच्या फ्रेममध्ये आहे. फोटोत काचेत मीच दिसतो, रंगही हिरवट येतात."

फ्रेम उघडू नका. आपल्या दमट हवेत जुना कागद काचेला चिकटलेला असू शकतो, ओढलात तर रंग काचेवर राहील.

दिवे बंद करून फ्रेम खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर टांगा, म्हणजे उजेड कडेने येईल. काचेत समोरची उजळ वस्तूच दिसते. म्हणून फ्रेमसमोर काळं, जाड कापड पडद्यासारखं टांगा, त्याला लेन्सपुरतं भोक पाडा आणि मागून फोटो काढा. स्क्रीनवर चित्रातला गडद भाग बघा, तो करडा वाटला तर कापड अपुरं आहे.

हिरवटपणा बहुधा खिडकीबाहेरच्या माडापोफळींतून गाळून येणाऱ्या उजेडाचा. फ्रेमशेजारी पांढरा कागद ठेवून तोही फोटोत घ्या. एडिट करताना तो पांढरा दिसेपर्यंत छटा बदला, मग कडेचा कागद कापून टाका.