उघडा स्टीम पाइप, स्थिर हवा: जुनं 0.53 की चर्चिल–चू?

शेडमधला_ट्रेनी: भोसरीत आमच्या शेडमध्ये ८० एनबीचा आडवा स्टीम पाइप आहे. बाहेरचा व्यास ८८.९ मिमी, १२ मीटर लांबीवर लॅगिंग नाही. पृष्ठभाग १५० अंश, हवा ३० अंश, जवळपास पंखा नाही. उष्णता किती वाया जाते ते काढायचंय. सीनियर म्हणतात 0.53 वालं जुनं सूत्र लाव, कॉलेजात चर्चिल–चू शिकवलं होतं. दोन्हींची उत्तरं जुळत नाहीत. कोणतं धरू?

बॉयलर_अण्णा: जुनंच धरा. हवेसाठी त्याचं सोपं रूप आहे, `h = 1.32 (ΔT/D)^0.25`. ΔT १२०, D ०.०८८९, म्हणजे h आला ८.०. परिघ आणि ΔT ने गुणा, मीटरमागे २६८ वॅट. कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे. शिवाय उत्तर थोडं जास्त येतं, म्हणजे आपण सेफ साइडला राहतो. कारखान्यात एवढं पुरतं, हे माझं ठाम मत आहे.

मंजिरी_ऑडिट: अण्णा, सेफ साइड कुठली हे आकडा कशासाठी हवाय त्यावर ठरतं. ट्रॅप किंवा बॉयलरचा साइझ ठरवायचा असेल तर तोटा जास्त धरलेला चांगलाच. पण लॅगिंगचा खर्च किती महिन्यांत सुटेल हे मालकाला दाखवायचं असेल, तर फुगवलेला तोटा म्हणजे फुगवलेली बचत. ट्रेनी, तुम्हाला बहुधा हेच दुसरं करायचंय, म्हणून मी चर्चिल–चू धरेन.

पायऱ्या अशा. हवेचे गुणधर्म १५० आणि ३० च्या मध्यावर, म्हणजे ९० अंशांना घ्या: k ०.०३१, ν २२.४×१०⁻⁶, α ३२.१×१०⁻⁶, Pr ०.७०. β म्हणजे १/३६३. लांबीच्या जागी व्यास. रेली नंबर येतो ३.२×१०⁶. मग:

```
Nu = {0.60 + 0.387 Ra^(1/6) / [1 + (0.559/Pr)^(9/16)]^(8/27)}^2
```

Nu २०.२, h ७.०, मीटरमागे सुमारे २३५ वॅट. 0.53 ला रेली नंबरच्या पाव घाताने गुणलं तर Nu २२.४, h ७.८ आणि २६१ वॅट. म्हणजे जुनं सूत्र ११ टक्के वर जातं.

हा फरक कुठून येतो ते बघा. चर्चिल–चूमध्ये Pr चा वेगळा हिशेब आहे, 0.53 मध्ये नाही. तोच रेली नंबर ठेवून Pr ५ घातला, म्हणजे साधारण पाण्यासारखा द्रव, तर Nu २४.५ येतो. हवेला २०.२, पाण्याला २४.५, आणि 0.53 दोघांच्या मधोमध. एकच आकडा सगळ्या द्रवांना लावला की हवेच्या बाबतीत तो जास्त पडणारच. मॉर्गनचं कोष्टक पाहिलंत तर १०⁴ ते १०⁷ या पट्ट्यात 0.48 दिलंय. त्याने Nu २०.३ येतो, चर्चिल–चूला जवळजवळ चिकटून. दोन्ही १९७५ची आहेत.

आणि गुणधर्म घेताना एक चूक हमखास होते. ९० ऐवजी खोलीच्या ३० अंशांना घेतले तर चर्चिल–चूनेही h ७.७ येतो. मग तो 0.53 च्या ७.८ शेजारी ठेवला की दोन्ही जुळल्यासारखे वाटतात आणि आपण निश्चिंत होतो. उत्तरं जुळली तरी k आणि ν कोणत्या तापमानाचे घेतलेत ते आधी तपासा.

रविवार_पेठेतला: दोघांनीही मूळ मुद्दा सोडलाय. पाइप १२ मीटर लांब आहे, मग रेली नंबरात ८९ मिमी कशाला? लांबी घाला, रेली १०¹²च्या वर जातो, प्रवाह टर्ब्युलंट होतो. त्याचं सूत्र `Nu = 0.1 Ra^(1/3)`, h सुमारे ५.१. दुसरं म्हणजे पुण्याची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा विरळ आहे, तुमची कोष्टकं समुद्रसपाटीची आहेत. हे कोणीच धरलेलं नाही.

मंजिरी_ऑडिट: विरळ हवेचं तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, दाब साडेसहा टक्के कमी. ν आणि α दोन्ही तेवढे वाढतात, रेली नंबर साडेबारा टक्के घसरतो. पण h ला त्याचा साधारण पाव घातच लागतो, म्हणून h तीन-साडेतीन टक्क्यांनी उतरतो. २३५ चे २२८ वॅट करा.

लांबीचं मात्र चूक आहे. पाइप आडवा आहे, तापलेली हवा पाइपाच्या लांबीने धावत नाही. ती खालच्या पोटाशी सुरू होते, दोन्ही कडांनी अंगाला लागून वर चढते आणि माथ्यावर सुटते. हा रस्ता अर्ध्या परिघाचा, म्हणजे १४ सेंटिमीटरचा. पाइप १२ मीटर असो की १२० मीटर, हा रस्ता तेवढाच राहतो. तुमचं सूत्र उंच उभ्या भिंतीचं आहे. त्याचं उत्तर ५.१ येतं आणि ते वेडंवाकडं दिसत नाही, म्हणून ही चूक पकडली जात नाही. तपासायला सोपी युक्ती: एकाच व्यासाच्या ६ आणि १२ मीटर पाइपांसाठी मीटरमागचा कन्व्हेक्शनचा तोटा काढा. सूत्र आणि व्यास बरोबर असेल तर दोन्हींना एकच आकडा यायला हवा.

रविवार_पेठेतला: पण भिंतीच्या सूत्राने दोन्ही लांबींना h ५.१च येतो, कारण तिथे लांबी कटते. मग तुमच्या युक्तीने चूक सापडणार कशी?

मंजिरी_ऑडिट: बरोबर धरलंत. एक-तृतीयांश घाताला ती युक्ती लागू पडत नाही, पाव घाताला पडते. मग व्यास बदलून बघा. २५ मिमीच्या नळीचा h ८९ मिमीच्या पाइपापेक्षा स्पष्ट जास्त यायला हवा. भिंतीचं सूत्र दोघांनाही एकच h देईल, आणि तिथेच ते उघडं पडेल.

गच्चीवरचा_सोलर: आमच्या गच्चीवर गरम पाण्याची नळी आहे, ५० मिमी लॅगिंग घातलंय. वर पत्र्याचं क्लॅडिंग, हात लावला तर कोमट. माझा तोटा याच सूत्राने निघेल का?

बॉयलर_अण्णा: तुमचं गणित वेगळं आहे. क्लॅडिंगचं तापमान तुम्हाला माहीत नाही. ते आधी अंदाजाने धरायचं, लॅगिंगमधून बाहेर येणारी उष्णता आणि पत्र्यावरून जाणारी उष्णता जुळेपर्यंत हलवायचं. आणि गच्चीवर वारा असतो, स्थिर हवेचं सूत्र तिथे लावू नका. ट्रेनीचा पाइप उघडा आहे. वाफ आतून धातूला जवळजवळ आपल्याच तापमानाला ठेवते, म्हणून त्याला हे जुळवत बसावं लागत नाही.

कोथरूड_थर्मल: तुम्ही सगळे २६१ की २३५ यावर भांडताय आणि त्याहून मोठी रक्कम हिशेबाबाहेर राहिलीय. रेडिएशन! काळपट, गंजलेल्या पोलादाची एमिसिव्हिटी ०.८ धरा. ४२३ आणि ३०३ केल्व्हिनच्या चौथ्या घातांचा फरक, गुणिले σ, गुणिले ०.८, गुणिले परिघ. मीटरमागे २९९ वॅट येतात. कन्व्हेक्शनपेक्षा जास्त. पुण्याच्या हवेत एकूण ५२७ वॅट मीटरला, १२ मीटरला ६.३ किलोवॅट. "नॅचरल कन्व्हेक्शन" असं प्रश्नात लिहिलं की लोक तिथेच थांबतात आणि तोटा निम्म्याहून कमी सांगून मोकळे होतात. कोरिलेशन कुठलंही घ्या, पण हे विसरलात तर ती सगळी काळजी वाया.

बॉयलर_अण्णा: हे मान्य. आम्ही हातात धरतो त्या तक्त्यांत उघड्या पाइपाचा एकत्र h असतो, त्यात रेडिएशन आलेलं असतं. तुमच्या आकड्यांनी तो साधारण १६ येतो. म्हणून ट्रेनी, तक्त्यातला h घेतलास तर वर पुन्हा रेडिएशन मिळवू नकोस. पण माझा प्रश्न तसाच राहतो: ०.८ हा आकडा तू कुठून आणलास? पाइपावर अॅल्युमिनियम पेंट असेल तर ०.३५ सुद्धा असू शकतो.

कोथरूड_थर्मल: असू शकतो. मग रेडिएशन १३१ वॅटवर येतं, एकूण साधारण ३६०. म्हणजे पाइप काळा की चंदेरी, यावर १६८ वॅट हलतात. सूत्र बदलून २६ च. म्हणूनच मी म्हणतो, कोरिलेशनवर तासभर घालवण्यापेक्षा पाइपाचा रंग बघून या.

बॉयलर_अण्णा: धुळीच्या शेडमध्ये तो पेंट वर्षभर चंदेरी राहत नाही. मी ०.३५ कधीच धरणार नाही.

कोथरूड_थर्मल: माझं मत उलट आहे. आज पृष्ठभाग जसा आहे तसा धरावा, पुढच्या वर्षीचा नव्हे.

शेडमधला_ट्रेनी: पाइपावर पेंट नाही, तपकिरी गंज आहे. ०.८ धरतो. पण "पंखा नाही" एवढ्यावर हवा स्थिर आहे असं म्हणता येईल का? शेडचं शटर दिवसभर उघडं असतं.

मंजिरी_ऑडिट: हाच प्रश्न आधी विचारायला हवा. या पाइपासाठी Gr भागिले Re² काढून बघा. वारा सेकंदाला १० सेंटिमीटर असेल तर उत्तर २९ येतं, तेव्हा बिनदिक्कत नॅचरल धरा. अर्धा मीटर असेल तर १.१५ येतं, म्हणजे दोन्ही प्रकार तोडीस तोड. तिथे 0.53 आणि चर्चिल–चू दोन्हीही पुरे पडत नाहीत. आणि अर्धा मीटर म्हणजे जेमतेम जाणवणारी झुळूक, उघड्या शटरजवळ सहज असते. पाइपाजवळ उदबत्ती धरा. धूर आधी सरळ वर जाऊन मग विस्कटला तर ठीक, लगेच आडवा पडला तर हिशेबाची पद्धत बदला.

बॉयलर_अण्णा: त्यापेक्षा मोजूनच घे. पाइपाच्या शेवटच्या ट्रॅपचं पाणी थंड पाण्याच्या बादलीत सोड आणि वजन कर. थंड पाणी का, तर १५० अंशांचं कन्डेन्सेट बाहेर येताच साधारण नऊ टक्के वाफ होऊन उडतं, ते निसटू द्यायचं नाही. ६.३ किलोवॅटला ताशी ११ किलोच्या आसपास यायला हवं.

मंजिरी_ऑडिट: माप जरूर घ्या, पण त्यातून कोरिलेशन कुठलं खरं ते ठरणार नाही. अण्णांच्या सूत्राने साडेअकरा किलो, माझ्याने पावणेअकरा. वाफ थोडी ओली असली तरी याहून जास्त पाणी बादलीत येईल. १२ मीटर सुरू होतात त्याच्या आधी दुसरा ट्रॅप आहे का? नसेल तर मागच्या सगळ्या लाइनचं पाणी तुमच्या नावावर जमा होईल.

शेडमधला_ट्रेनी: आधी ट्रॅप नाही. फक्त एक फ्लँज आणि व्हॉल्व्ह आहे, तेही उघडेच.

कोथरूड_थर्मल: मग ते दोन्ही आधी हिशेबात धर. व्हॉल्व्हचं उघडं अंग म्हणजे बऱ्याच मोठ्या पाइपाइतकं क्षेत्रफळ, आणि तिथे गोल नळीचं सूत्र नीट बसत नाही.

बॉयलर_अण्णा: मी उघड्या व्हॉल्व्हला मीटरभर पाइप धरतो.

मंजिरी_ऑडिट: ८० एनबीला मीटरभर मला कमी वाटतो. व्हॉल्व्ह कुठल्या प्रकारचा आहे ते सांगा आणि टेप लावून त्याचं उघडं क्षेत्रफळ मोजा, मग बोलू.