मदत हवी आहे: नवीन टीव्हीवर रात्री काळं राखाडी दिसतंय, सबटायटलभोवती उजेड येतोय

रानजाई
नमस्कार, जरा लवकर सांगा कारण परत करायची मुदत शुक्रवारी संपतेय. ५५ इंची एलईडी टीव्ही घेतलाय, दुकानात लोकल डिमिंगवाला, म्हणजे जिथे चित्र काळं तिथले मागचे दिवे मंद करणारा, आहे म्हणूनच सांगितलं होतं आणि त्यासाठीच जास्त पैसे मोजले. दिवसा झकास दिसतो. पण रात्री लेक झोपली की आम्ही हॉलमधले सगळे दिवे घालवून बघायला बसतो, तेव्हा काळं काळं दिसतच नाही, धुरकट राखाडी दिसतं, आणि सबटायटल आलं की त्याच्या आजूबाजूला पांढरट ढग उमटतो, सबटायटल गेलं की ढगही जातो. लोकल डिमिंग हाय करून पाहिलं, लो करून पाहिलं, बंदही केलं. नक्की कशावर ठेवायचं? की पीसच खराब आहे?

घाटवाट
मॉडेल कुठलं? कशावर बघताय, टीव्हीतलंच ॲप की बाहेरचा बॉक्स? एचडीआर सिनेमा होता की साधा? पिक्चर मोड कुठला? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर सेटिंग सांगणार कसं?

काका_डोंबिवली
पॅनल लीक आहे. शुक्रवारची वाट बघू नका, उद्याच परत करा. आमच्या मेहुण्यांकडे सेम झालं होतं, डाव्या कोपऱ्यात कायम उजेड. ते वापरत राहिले आणि मुदत गेली, मग कोणी दारात उभं केलं नाही.

काळोखी
परत करा आणि ओलेड घ्या. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःचा स्वतः बंद होतो, ढग नाही की झोन नाही. अंधारात बघणाऱ्याने दुसरं काही घेऊच नये.

रानजाई
ओलेडचं बजेट नाही हो, असतं तर तोच घेतला असता. मॉडेल नंबर मागे लिहिलाय आणि टीव्ही भिंतीवर आहे, बिल माहेरी राहिलंय. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर बघतो. मोड व्हिव्हिड.

पडदावाला
मी वीसेक वर्षं घरोघरी प्रोजेक्टर आणि टीव्ही बसवतोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. रानजाईताई, तुम्ही एकाच तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्यात आणि त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. सबटायटलबरोबर येणारा आणि जाणारा ढग हा झोनचा आहे, म्हणजे पडद्यामागचे दिवे ज्या चौकोनी गटांनी मंद-तेज होतात त्यातल्या एका गटाचा. काका म्हणतात ते लीक जागा सोडत नाही, पडद्यावर काहीही असो, त्याच कोपऱ्यात दिसतं. तुमचा ढग अक्षरांमागे फिरतोय, म्हणजे पॅनल खराब आहे असं त्यावरून म्हणता येणार नाही.
पण सगळा पडदाच धुरकट असणं, तेही डिमिंग हायवर असताना, हे मला खटकतंय. सीन पूर्ण काळा असेल तर हायवर झोन जवळजवळ विझायला हवेत. ते विझत नसतील तर टीव्हीपर्यंत काळं पोचतच नाहीये.
आज रात्री दोन गोष्टी करा. तोच सिनेमा आधी स्टिकवर आणि मग टीव्हीतल्या ॲपमध्ये लावा, एकाच काळ्या सीनला थांबवा आणि फरक बघा. दुसरं, काळ्या पडद्यावर एक छोटा पांढरा ठिपका हळूहळू फिरतो असे टेस्ट व्हिडिओ मिळतात, तो लावा आणि ठिपक्याबरोबर उजेडाचा चौकोन किती उड्या मारतो ते आडवं आणि उभं मोजा. मोबाइलने फोटो काढून ठरवू नका, मोबाइल अंधारात उजेड वाढवून दाखवतो आणि चांगला टीव्हीही भयंकर दिसतो.

साधाप्रेक्षक
एवढं करण्यापेक्षा लोकल डिमिंग बंदच ठेवा. मी तीन वर्षं बंद ठेवलंय, ढग नाही, उजेडाचं वरखाली होणं नाही, डोळ्यांना एकसारखं.

पडदावाला
ढग जातो हे खरं, पण तो जातो कारण सगळा पडदाच ढगाइतका उजळ होतो. तुमचं पॅनल व्हीए जातीचं असेल तर ते मुळातच बराच उजेड अडवतं, साधारण तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त, म्हणून बंद ठेवूनही तुम्हाला बरं वाटतं. आयपीएस जातीचं असतं तर हजारास एकच्या आसपास, त्यावर अंधारात बंद करून बसवत नाही.

साधाप्रेक्षक
माझं कुठल्या जातीचं आहे मला माहीत नाही. पण मला उजेड नाचलेला चालत नाही, एकसारखा राखाडी चालतो. हा आवडीचा प्रश्न आहे.

लाटकर
लोकल डिमिंगने वीजबिल कमी येतं का? आमचा टीव्ही दिवसभर चालू असतो.

घाटवाट
लाटकर, वेगळा धागा काढा ना. त्यांची शुक्रवारची मुदत आहे.

रानजाई
पडदावाला दादा, केलं दोन्ही. टीव्हीतल्या ॲपमध्ये काळं खरंच काळं झालं!! टीव्ही बंद पडला की काय असं वाटलं इतकं. स्टिकवर तोच सीन धुरकट. म्हणजे स्टिक खराब?
ठिपका आडवा १० उड्या मारतो आणि उभा ६. म्हणजे ६० झोन का? दुकानदाराने शेकडो सांगितले होते.

पडदावाला
स्टिक खराब नाही. व्हिडिओत काळ्याचा आकडा १६ आणि पांढऱ्याचा २३५ धरतात, त्याला सेटिंगमध्ये लिमिटेड म्हणतात. कॉम्प्युटरसारखं फुल असेल तर काळं ० वर असतं. स्टिक लिमिटेड पाठवतेय आणि टीव्हीचं ते एचडीएमआय पोर्ट फुलवर बसलंय, म्हणून टीव्ही १६ ला काळं न समजता गडद राखाडी समजतो. पडद्यावर काळं आलंच नाही असं त्याला वाटतं, मग तो झोन विझवेल कशाला? तुम्ही हाय-लो काहीही करा, फरक पडणार नाही. त्या पोर्टवर स्टिक चालू ठेवूनच एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा रेंज असं काहीतरी सापडेल, कंपनीगणिक नाव बदलतं. ऑटो करून बघा, नाही जमलं तर लिमिटेड. त्यानंतर काळे केस, काळा कोट असले तपशील गिळले गेले नाहीत ना ते बघा. गिळले गेले तर सेटिंग उलटं बसलंय.

आता झोन. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट उंच. आडवे १०, उभे ६, म्हणजे एक झोन सव्वाबारा बाय साडेअकरा सेंटिमीटरचा, साधारण मोठ्या वाटीच्या तोंडाएवढा. तुमच्या सबटायटलची अक्षरं जेमतेम तीन सेंटिमीटर उंच. ती तीन सेंटिमीटर पांढरी दाखवायला मागचा सगळा झोन पेटवावा लागतो आणि उरलेल्या जागेतून उजेड पूर्ण अडवणं पॅनलला जमत नाही, तोच तुमचा ढग. हे सेटिंगने जात नाही, कमी होतं.

काळोखी
म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच. ६० झोन म्हणजे काहीच नाही, मिनी एलईडीमध्ये हजारावर झोन येतात आणि तरी ढग दिसतो. ओलेड.

पडदावाला
आकड्यावर सगळं ठरत नाही. झोन कधी पेटवायचा, किती पेटवायचा हे ठरवणारी आतली प्रक्रिया वाईट असेल तर जास्त झोनचा टीव्हीही डोक्याला ताप देतो, ठिपका पुढे जातो आणि उजेड मागून येतो. ओलेड अंधारात उत्तम हे मीही मान्य करतो, पण ताईंनी विचारलंय ते घेतलेल्या टीव्हीबद्दल.

रानजाई
रेंज ऑटोवर नव्हतंच, फुलवर होतं, कोणी केलं देव जाणे. लिमिटेड केलं आणि स्टिकवरही काळं आलं, नवरा म्हणाला दुसराच टीव्ही लावल्यासारखा वाटतोय. आता ढग कमी कसा करायचा तेवढं सांगा. आणि हो, तो मधे बसतो त्याला कमी दिसतो, मी सोफ्याच्या टोकाला बसते मला जास्त दिसतो, हे खरं असू शकतं का?

पडदावाला
अगदी खरं आहे. बहुतेक तुमचं पॅनल व्हीए आहे, ते समोरून उजेड नीट अडवतं आणि बाजूने कमी. जागा बदलून बघा, पैसे न खर्च करता होणारा हा सर्वात मोठा फरक आहे.
मग व्हिव्हिड सोडा, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड घ्या. खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर आणि वीजबचत बंद करा, नाहीतर आपण लावलेलं ते मोडतं. साध्या, म्हणजे एचडीआर नसलेल्या सिनेमाला बॅकलाइट १०० पैकी २० ते ३० वर आणा. ढग हा अक्षरांच्याच उजेडाचा वाटा असतो, अक्षरं मंद झाली की ढगही त्याच प्रमाणात मंद. ब्राइटनेस नावाचं सेटिंग मात्र आहे तिथेच ठेवा, बऱ्याच टीव्हीत ते बॅकलाइटचं नसून काळ्याची पातळी वर उचलतं. गॅमा २.४ करता येत असेल तर अंधाऱ्या खोलीला तेच योग्य. डिमिंग मीडियमवर.
एचडीआरला वेगळं. एचडीआर सिनेमा चालू असतानाच सेटिंगमध्ये जा, कारण टीव्ही दोन्हींची सेटिंग वेगळी जपून ठेवतो. तिथे डिमिंग हाय ठेवा आणि बॅकलाइट फार खाली आणू नका, नाहीतर दिव्यांची, सूर्याची चमक मरते.
आणि सबटायटलचा रंग पांढऱ्याऐवजी राखाडी करा, ॲपच्या सेटिंगमध्ये असतं. पांढऱ्याच्या निम्म्या आकड्यावरचा राखाडी प्रत्यक्षात पांढऱ्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच उजेड देतो, आणि अंधारात तो आरामात वाचता येतो.

मंदप्रकाश
एक राहिलं. टीव्हीच्या मागे भिंतीवर उजेड पडेल अशी एलईडी पट्टी लावा, ६५०० केल्विनची पांढरी. अगदी मंद, पडद्याच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. रंगीबेरंगी नको. माझ्याकडे ढग तसाच आहे पण डोळ्याला तो जाणवत नाही, कारण डोळा पूर्ण अंधाराला सरावत नाही.

काळोखी
अंधारासाठी दिवे घालवायचे आणि मागे परत दिवा लावायचा?

मंदप्रकाश
हो, कारण तो दिवा मागच्या भिंतीवर पडतो, पडद्यावर नाही आणि डोळ्यातही नाही. एकदा लावून बघा.

साधाप्रेक्षक
पट्टीचं मला पटलं. डिमिंग बंद ठेवून मीही लावून बघतो.

रानजाई
राखाडी सबटायटल, बॅकलाइट २५, डिमिंग मीडियम, आणि मी मधे सरकले. ढग आहे, पण शोधला तर दिसतो. टीव्ही परत करत नाही. पट्टी मागवलीय.
आता फक्त एकच उरलं. सिनेमा संपल्यावर नावं वर सरकतात तेव्हा प्रत्येक ओळीबरोबर मागचा उजेड टप्प्याटप्प्याने उडी मारतो, चौकोन चौकोन पेटल्यासारखा. लोवर केलं तर उड्या कमी होतात पण काळं पुन्हा उजळतं. याला काही आहे का?

पडदावाला
त्या ६० झोनमध्ये याला पक्का उपाय मला माहीत नाही. मीडियम आणि लो यातलं तुम्हाला जे कमी खुपतं ते.

नवाखेळाडू
माझ्याकडे गेम मोड लावला की डिमिंगचं सेटिंग असून नसल्यासारखं होतं, काळं लगेच राखाडी. तेही या रेंजमुळेच का? कन्सोल आहे.

घाटवाट
गेम मोडमध्ये उशीर कमी करायला टीव्ही बरीच प्रक्रिया गाळतो, त्यात डिमिंग ढिलं पडतं. पण रेंजही तपासाच. आणि मॉडेल लिहा.