अनुभव धागा: पत्र, चार ओळी की व्हिडिओ?

रानजाई
पुण्यातल्या एका संस्थेची जाहिरात आहे. शिक्षकांना विज्ञानाचं प्रशिक्षण द्यायचं काम. बायोडेटासोबत ‘तुमची ओळख करून द्या. पत्र, छोटी टिपणी किंवा व्हिडिओ, जे सोयीचं वाटेल ते’ असं लिहिलंय. मी ९ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मग सासऱ्यांच्या आजारपणात ४ वर्षं घरी होते. मुदत रविवारपर्यंत आहे. अशा वेळी तुम्ही काय पाठवलंत आणि पुढे काय झालं, ते सांगाल का?

घाटमाथा
डोळे झाकून व्हिडिओ पाठवा. मी सेल्सच्या नोकरीसाठी पाठवला होता, तिसऱ्या दिवशी फोन आला. पत्रं आजकाल कुणी वाचत नाही.

पाणपोई
घाटमाथा, आम्ही वाचतो हो! १२ वर्षं एका संस्थेत भरतीचं काम बघतेय. पहिल्या चाळणीत मी फक्त बायोडेटा बघते. त्यात काही खटकलं किंवा कुतूहल वाटलं, की मग पत्र उघडते आणि हव्या त्या ओळीवर थेट जाते. व्हिडिओत तसं जाता येत नाही. ६० अर्ज आणि प्रत्येकी २ मिनिटं म्हणजे २ तास नुसतं बघत बसायचं. शिवाय समितीतल्या पाच जणांपुढे पत्राच्या प्रती ठेवता येतात.

पण तुमचं सेल्सचं काम बोलण्याचंच होतं, तिथे व्हिडिओ चालला यात नवल नाही. आमच्याकडेही शिबिरं घेणाऱ्या माणसाची निवड एकदा व्हिडिओवरूनच झाली. त्या मुलाने स्वतःबद्दल फक्त नाव आणि गाव सांगितलं. मग पाण्याने काठोकाठ भरलेल्या ग्लासावर पोस्टकार्ड ठेवलं, ग्लास उलटा केला, हात काढला. पोस्टकार्ड तसंच चिकटून. ‘का पडत नाही?’ एवढं विचारून तो चार-पाच सेकंद गप्प राहिला. प्रश्न विचारून थांबता येणं शिकवणाऱ्याला किती जड जातं, ते मला माहीत आहे. सगळं मिळून दीड मिनिट.

रानजाई, तुमचा बायोडेटा बघून मला दोन प्रश्न पडतील: मधली ४ वर्षं कुठे गेली, आणि मुलांना शिकवणाऱ्या बाईंना मोठ्यांना शिकवणं जमेल का? पहिल्याचं उत्तर कागदावरच द्या, एका वाक्यात. कॅमेऱ्यासमोर लोक त्याचं स्पष्टीकरण देत बसतात, अर्धा व्हिडिओ त्यातच जातो आणि आवाजही पडतो.

उंबरठा
लॅपटॉप चार पुस्तकांवर ठेवा म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो, आणि खिडकी समोर घ्या, पाठीमागे नको. माझ्या ऑनलाइन मुलाखतीत मागे खिडकी होती, चेहरा काळाच दिसत होता.

पाणपोई
उंबरठा, मुलाखतीला अजून वेळ आहे, इथे अर्जासोबतच्या ओळखीबद्दल चाललंय. पण खिडकीचं दोन्हीकडे लागू पडतं.

परदेशी पाखरू
जर्मनीत पानभराच्या अर्जपत्राची जुनी रीत आहे, त्याला ‘आन्श्रायबन’ म्हणतात. माझ्या जाहिरातीत ते ऐच्छिक होतं. मी तेच मशीन, तेच सॉफ्टवेअर ६ वर्षं हाताळत होतो, म्हणून ईमेलमध्येच चार ओळी लिहिल्या: कुठलं पद, कुठला अनुभव, कधीपासून रुजू होऊ शकतो, भाषा कितपत येते. बोलावणं आलं. बायको मात्र प्रयोगशाळा सोडून शाळेत जात होती. तिने अख्खं पान लिहिलं, कारण ‘हे सोडून ते का’ याचं उत्तर बायोडेटात कुठेच नव्हतं.

कोनाडा
व्हिडिओ पाठवणाऱ्यांनी एवढं बघा. माझा दीड मिनिटाचा व्हिडिओ १०० एमबीच्या वर गेला. जीमेलवर २५ एमबीपर्यंतच जोडता येतं, म्हणून ड्राइव्हची लिंक दिली. ती फक्त मलाच उघडत होती. परवानगी मागणारा त्यांचा मेल मी तीन दिवसांनी पाहिला, तोवर यादी लागली होती. आता लिंक आधी इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघतो.

घाटमाथा
मग पत्र आणि व्हिडिओ दोन्ही पाठवले तर?

पाणपोई
मला चालतं. पत्राच्या शेवटी लिंक असली तर वेळ असेल तेव्हा बघते. माझे सहकारी मात्र म्हणतात, एक निवडा म्हटल्यावर दोन पाठवणाऱ्याला निवडता येत नाही. यावर आमचं अजून एकमत नाही.

रानजाई
सगळ्यांचे आभार. पत्रच लिहिलं, पाऊण पान. घरच्या ४ वर्षांचं एक वाक्य: ‘२०२१ ते २०२५ घरातल्या आजारपणामुळे नोकरी थांबवली होती, आता पूर्णवेळ काम करू शकते.’ बाकी सगळं पत्र एका दुपारबद्दल आहे. शाळेतल्या तीन सहकाऱ्यांना सेल, वायर आणि बल्ब दिले आणि काही न सांगता बल्ब पेटवायला लावला. भूगोलाच्या सरांचा बल्ब वीस मिनिटं पेटत नव्हता, आणि मी सेलला हात लावला नाही. मोठ्यांना शिकवण्याबद्दल माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच होतं. व्हिडिओ जोडला नाही. आज सकाळी पाठवलं, उत्तर आलं की इथेच लिहीन.