मदत हवी आहे: साठाव्या वाढदिवसाचं शुभेच्छापत्र, शनिवारच्या आत

घाईतली_भाची
शनिवारी साठावा वाढदिवस आहे. आम्ही सगळ्या भावंडांनी मिळून एकच शुभेच्छापत्र द्यायचं ठरवलंय आणि मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. तीन दिवस झाले, लिहायला बसले की एकतर मानपत्र होतं नाहीतर वयावरची थट्टा. आत्ताचा मसुदा असा आहे:

"आपण साठी गाठलीत तरी मनाने अजूनही तरुण आहात. या वयातही आपला उत्साह आम्हाला लाजवतो. आयुष्याच्या या संध्याकाळी आपणांस उत्तम आरोग्य लाभो."

धाकटा भाऊ म्हणाला, हे वाचून कुणी आजारी आहे असं वाटतं. काय बदलू? लवकर सांगा.

दिलीप_आर
यात काही अवघड नाही. "प्रदीर्घ सेवेनंतर आता विश्रांतीचा, छंद जोपासण्याचा काळ सुरू होत आहे" अशी सुरुवात करा. आमच्या साहेबांच्या निरोप समारंभात मी हेच वाचलं होतं, सगळ्यांना आवडलं.

घाईतली_भाची
निवृत्त होत नाहीये तो! अजून पाच वर्षं तरी काम करणार म्हणतो. तो विषय नकोच.

लेखणी
तो म्हणजे कोण? मामा की काका? तुम्ही किती जण, वयं काय? घरात अरे-तुरे आहे का? असेल तर मसुद्यात "आपण" कुठून आलं? आणि पत्र नुसतं हातात देणार की सगळ्यांसमोर वाचलं जाणार?

घाईतली_भाची
हो, ते राहिलंच. पाच जणांचा मामा, तिघांचा काका. सगळे त्याला अरे-तुरेच करतो. "आपण" लिहिलं कारण छापील पत्रांत तसंच असतं. मी सगळ्यांत मोठी, 34 वर्षांची. शेंडेफळ 11 वर्षांचं. पत्र हातात देणार, पण तो मोठ्याने वाचणार हे नक्की. आलेली प्रत्येक गोष्ट तो मोठ्याने वाचतो.

मुक्तछंद
मग कविताच करा. यमक असलं की मोठ्याने वाचायला मजा येते. साठ, पाठ, गाठ, थाट, शब्दांना तोटा नाही.

लेखणी
मुक्तछंद, साठवर यमक जुळवायला बसलं की चौथ्या ओळीत काठी येतेच. त्यामागोमाग "बुद्धी नाठी" कुणाच्या तरी तोंडून निघते. मी दोनदा पाहिलंय.

भाची, तुझ्या मसुद्यात तीन शब्द घात करताहेत: "तरी", "अजूनही" आणि "या वयातही". साठी गाठली "तरी" तरुण, म्हणजे साठी ही वाईट गोष्ट आहे हे तू आधी मान्य केलंस आणि मग त्याला त्यातून सूट दिलीस. भाऊ बरोबर बोलला. हे तीन शब्द काढ, मग बघ काय उरतं. फारसं काही उरणार नाही, कारण मसुद्यात तो माणूसच नाही. "संध्याकाळ" तर काढच.

वय टाळायचं मात्र नाही. टाळलंस तर आपण काहीतरी लपवतोय असं दिसतं. ते तुमच्या बाजूने मोज. तू 34, तो 60, म्हणजे अंतर 26. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा तो 34 चा होता, आज तू आहेस तेवढाच. त्या वर्षी त्याने तुझ्यासाठी काय केलं ते आठव. तिथे साठ हा आकडा आपोआप प्रेमाचा होतो, विशेषण लागत नाही.

मुक्तछंद
काठीशिवायही यमकं आहेत हो. कविता सगळ्यांनाच आवडते.

शुद्धलेखन_प्रेमी
एक चूक होण्याआधीच सांगतो. साठावा वाढदिवस म्हणजे साठी लागली, पूर्ण झालेली नाही. "साठाव्या वर्षात पदार्पण" असं लिहा. आणि "अभीष्टचिंतन" लिहिणार असाल तर भी दीर्घ, अभि अधिक इष्ट.

जुना_वाचक
भी दीर्घ हे बरोबर, पण आकडा चुकलात. पहिल्या वाढदिवसाला एक वर्ष पूर्ण होतं, तसं साठाव्याला साठ पूर्ण होतात आणि एकसष्टावं लागतं. साठाव्या वर्षात तो गेल्या वाढदिवसालाच गेला.

शुद्धलेखन_प्रेमी
मोजलं. मान्य. तरी "साठीत पदार्पण" हा प्रयोग मला खटकतो.

माईची_लेक
थट्टेबद्दल माझा अनुभव. आम्ही आमच्या काकाच्या पत्रात टकलावर चार ओळी लिहिल्या होत्या. तो स्वतःच रोज टकलावर विनोद करायचा, म्हणून वाटलं चालेल. सगळ्यांसमोर वाचताना हसला. पण बाकीची पत्रं महिनाभर कपाटावर उभी होती, आमचं नव्हतं. आजही आठवलं की वाईट वाटतं. स्वतःवर हसणं वेगळं, पाहुण्यांपुढे दुसऱ्याने कागदावर लिहिणं वेगळं.

दिलीप_आर
एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं? आमच्याकडे अशी थट्टा चालते. माणूस बघून ठरवायचं.

घाईतली_भाची
लेखणी, ते गणित मांडलं आणि सायकल आठवली. भावंडांना सांगितलं की मला "प्रेमळ", "आधारवड" वगैरे पाठवू नका, एकच प्रसंग पाठवा, त्यात एक वस्तू हवी. तिघांचे आले, बाकीचे पाच खाली आपापली ओळ हाताने लिहिणार आहेत. आता असं झालंय:

"प्रिय मामा आणि प्रिय काका (दोन्ही तूच),

मला सायकल शिकवलीस तेव्हा तू 34 वर्षांचा होतास आणि मी आठ. सीट मागून धरलंय असं सांगून तू कधीच सोडलं होतंस. मी कोपऱ्यापर्यंत तुझ्याशी बोलत गेले. आज मी 34 ची आहे आणि सीट नेमकी कधी सोडायची हे मला कळत नाही. तुला कसं कळलं?

मी बारावीत नापास झालो त्या संध्याकाळी तू काहीच विचारलं नाहीस. बंद पडलेला रेडिओ उघडून माझ्यासमोर ठेवलास. रात्री साडेअकराला तो वाजला.

तू माझ्याशी बुद्धिबळ खेळताना मुद्दाम हरत नाहीस. बाकी सगळे हरतात.

तुझ्या साठ वर्षांतली 34 आमच्या वाट्याला आली. पुढचीही आम्हाला हवी आहेत.

तुझी भाचरं आणि पुतणे, आठही जण"

लेखणी
हेच द्या. "उत्तम आरोग्य लाभो" परत घालू नकोस, कुणीतरी आग्रह करेलच. एक बदल: कोणता परिच्छेद कुणाचा हे लिहू नका. वाचताना त्याला ओळखू दे.

माईची_लेक
मला मात्र नावं हवीत असं वाटतं. वीस वर्षांनी पत्र काढलं तर आठवायला नको?

चष्मेवाला
अक्षर जरा मोठं काढा, ओळींत जागा सोडा. मोठ्याने वाचणार आहे ना, मग वाचताना अडखळला की मजा जाते. मोठं का काढलं ते सांगायची गरज नाही. आणि कार्ड गुळगुळीत असेल तर जेल पेन नको, शाई वाळत नाही आणि आठ जणांचे हात फिरले की फराटे उठतात. आधी कार्डाच्या मागे एक रेघ ओढून बोट फिरवून बघा.

घाईतली_भाची
रेघ ओढली, पसरली. आता बॉलपेन. वर मोठा 60 आकडा काढायचा की नाही यावर घरात अजून वाद आहे. शेंडेफळाने परस्पर पेन्सिलीने काढून ठेवलाय आणि खोडू देत नाहीये.